रेड झिरोतली एक डिस्क गेली: ‘अर्धं तरी मिळेल ना?’

*माझा मालवणजवळ फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. एडिटिंगच्या मशीनला दोन-दोन टीबीच्या दोन हार्ड डिस्क मदरबोर्डच्याच रेडने रेड झिरोत जोडून चार टीबीचा डी ड्राइव्ह केला होता, स्ट्राइप १२८ केबी. चार वर्षं छान चालला. गेल्या आठवड्यात गडगडाट चालू असताना लाईट गेली, आली, परत गेली. मग मशीन सुरूच होईना. दुरुस्तीवाल्याने एक डिस्क काढली तेव्हा सुरू झालं, पण रेडपुढे Failed येतं. ती डिस्क लावली की मशीन परत मेलेलं. डीवर तीन हंगामांची लग्नं, दशावताराची रेकॉर्डिंग, बिलं, सगळं आहे. एक जण म्हणतो विसरा. दुसरा म्हणतो चांगल्या डिस्कवर सॉफ्टवेअर चालवून अर्धा डेटा काढून देतो. त्याने फोटोंची यादी चित्रांसकट दाखवलीसुद्धा. अर्धं तरी मिळेल ना? बॅकअप नाही. ओरडू नका.*

*– एक स्टुडिओवाला, मालवण तालुका*

ओरडत नाही. ओरडायचं ते तुम्ही स्वतःला ओरडून झालं असेल.

आधी त्या दुसऱ्या माणसाचं बघू, कारण तो तुमच्याकडून पैसे घ्यायच्या बेतात आहे. अर्धा डेटा तुमच्याकडे आहे हे तो खरंच बोलतोय. पण ते अर्धं म्हणजे आंब्याच्या दोन पेट्यांतली एक शिल्लक राहिली, असं नव्हे. इथे प्रत्येक आंबा चिरून एक फोड या पेटीत आणि पुढची फोड त्या पेटीत अशी भरलेली आहे. रेड झिरो फाइलचे १२८ केबीचे तुकडे पाडतं. पहिला तुकडा एका डिस्कवर, दुसरा दुसरीवर, तिसरा परत पहिलीवर. दोन्ही डिस्क एकाच वेळी ओढायला लागतात म्हणून वेग वाढतो. हरवलेला तुकडा कशावरून तरी परत काढता यावा, असा काही हिशोब यात कुठेच ठेवलेला नसतो. रेड फाइव्हमध्ये तो असतो. म्हणून इथे ‘रीबिल्ड’ नावाचं बटण नाही, आणि कुणी दाखवलंच तर दाबू नका.

आता तुमचा एक फोटो घ्या, ६ एमबीचा जेपेग. त्याचे होतात ४८ तुकडे. त्यातले २४ चांगल्या डिस्कवर आहेत, एक आड एक. फोटोचा पहिला तुकडा नशिबाने चांगल्या डिस्कवर असेल तर वरच्या बाजूची जवळपास दोन टक्के पट्टी दिसेल. चोवीस मेगापिक्सेलच्या आडव्या फोटोत म्हणजे चार हजार ओळींतल्या ऐंशीएक ओळी. मांडवाचं छत, बहुतेक वेळा. त्यापुढे राखाडी रंग नाहीतर भलत्याच रंगांचे फराटे. जेपेगमधली माहिती एकामागून एक, आधीच्यावर विसंबून दाबलेली असते. मधला तुकडा गेला की पुढचं कुठे बसवायचं आणि त्याचा रंग कुठून मोजायचा हेच कळत नाही. म्हणून हातात असलेले बाकीचे २३ तुकडेही जवळजवळ वायाच जातात.

मग त्याने चित्रांसकट यादी कशी दाखवली? कॅमेरा प्रत्येक जेपेगच्या सुरुवातीलाच फोटोच्या माहितीबरोबर एक चिमुकलं चित्र ठेवतो, साधारण १६० बाय १२० पिक्सेलचं. हा माहितीचा भाग ६४ केबीच्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे चिमुकलं चित्र बहुतेक वेळा पहिल्या तुकड्यातच बसलेलं असतं. साहजिकच निम्म्याच्या आसपास फोटोंची चिमुकली चित्रं तुमच्या चांगल्या डिस्कवर अख्खी आहेत. सॉफ्टवेअर तीच दाखवतं, शेजारी फाइलचा पूर्ण आकारही लिहितं, आणि बघणाऱ्याला वाटतं की देव पावला. त्या माणसाला मुद्दाम फसवायचं असेल असं मी म्हणत नाही. त्यालाही बहुधा तसंच वाटत असेल. त्याला एवढंच सांगा की यादीतले कुठलेही पाच फोटो पूर्ण आकारात उघडून खालचा उजवा कोपरा दाखव. तुमचं त्याचं बोलणं तिथेच आटपेल.

व्हिडिओची गत आणखी वाईट. ५० मेगाबिटच्या चित्रीकरणात एका फ्रेमला सरासरी २५० केबी लागतात, म्हणजे प्रत्येक फ्रेममधलं अर्धं गेलेलं. त्यातून एमपी-फोर फाइलमध्ये कुठली फ्रेम कुठे सुरू होते याची अनुक्रमणिका असते, तिच्यातलेही तुकडे गेले असणार. हातात काही येणार नाही. दशावताराचा आवाज वेगळा वेव्ह फाइलमध्ये घेतला असेल तर तिथे मजेशीर प्रकार होतो, कारण वेव्हमध्ये काही दाबलेलं नसतं. ४८ किलोहर्ट्‌झ, सोळा बिट, स्टिरिओला सेकंदाला १,९२,००० बाइट लागतात. १२८ केबी म्हणजे पाऊण सेकंदाला थोडा कमी आवाज. म्हणजे ०.६८ सेकंद पेटी-मृदंग, मग तेवढीच शांतता, मग परत ०.६८ सेकंद. कुठलं आख्यान चाललंय ते ओळखू येईल, ऐकण्यासारखं काही राहणार नाही.

एकट्या चांगल्या डिस्कवरून खरोखर अख्खं निघतं ते फक्त लहान. १२८ केबीच्या आत पूर्ण मावलेली फाइल, तीही या बाजूच्या तुकड्यात पडलेली. तुमची बिलं ४० केबीची धरू. डिस्कवर जागा ४ केबीच्या खणांनी दिली जाते. एका तुकड्यात असे ३२ खण, आणि बिलाला लागतात १०. बिल तुकड्याच्या हद्दीत राहायचं तर ते पहिल्या २३ खणांपैकी कुठूनतरी सुरू व्हायला हवं. ३२ पैकी २३, आणि तो तुकडा चांगल्या डिस्कवर असण्याची शक्यता निम्मी. म्हणजे शंभरांतली ३६ बिलं मिळावीत. शंभर केबीची फाइल असेल तर हेच प्रमाण शंभरात बारा-तेरावर येतं, आणि १२८ केबीच्या वर शून्य. स्ट्राइप १६ केबीची असती तर बिलंही गेली असती.

आणखी एक गोष्ट निघते, ती मला बिलांपेक्षाही कामाची वाटते. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलची एक नोंद असते, नाव, तारीख आणि आकार लिहिलेली. नोंद एक केबीची, म्हणजे एका तुकड्यात १२८ नोंदी. एकगठ्ठा १२८ फाइलींची नावं मिळतात, पुढच्या १२८ जातात, असं चालतं. एकूण यादीतली निम्मी नावं हातात येतात. फोल्डरांची उतरंड मोडलेली असेल, पण कुठल्या घरचं लग्न त्या ड्राइव्हवर होतं ते बऱ्यापैकी कळेल, कारण एका लग्नाचे हजार-दीड हजार फोटो असतात आणि त्यातल्या काहींची नावं तरी लागतातच. ही यादी पुढे लागणार आहे.

तर चांगल्या डिस्कमध्ये एवढंच आहे. तिच्यावर आणखी चार सॉफ्टवेअर चालवलीत तरी यापेक्षा जास्त निघणार नाही, कारण उरलेलं तिथे लिहिलेलंच नाही. ते त्या मेलेल्या डिस्कवर आहे. पैसा आणि जपणूक, दोन्ही तिच्याकडे वळवा.

आणि तिच्याबद्दल मला आशा वाटते. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात: ती डिस्क लावली की मशीन सुरू होत नाही, काढली की होतं. डिस्कचं हेड खराब झालं तर मशीन सुरू होतं आणि डिस्क टक-टक करत बसते. तबकड्यांवर खराब जागा असतील तर विंडोज रखडतं. अख्खं मशीनच उठत नाही याचा अर्थ बहुधा असा की डिस्कच्या बोर्डवर पुरवठ्याची तार थेट जमिनीला भिडली आहे, आणि एसएमपीएस ते ओळखून स्वतःला बंद करून घेतोय. बहुतेक हार्ड डिस्कच्या बोर्डवर पॉवरच्या खाचेजवळ दोन संरक्षक डायोड असतात, एक ५ व्होल्टच्या वाटेवर आणि एक १२ च्या. टीव्हीएस डायोड म्हणतात त्यांना. जास्त दाब आला की हा डायोड तो अंगावर घेऊन जमिनीत सोडतो, आणि दाब फारच झाला तर स्वतः जळून कायमचा जोडला जातो. घराच्या फ्यूजसारखंच, फक्त फ्यूज तुटतो आणि हा चिकटतो. मागचा सगळा संसार मात्र बऱ्याचदा शाबूत राहतो.

हे तपासायला डबा उघडावा लागत नाही. डिस्क कशालाही न जोडता टेबलावर घ्या. मल्टिमीटर ओहमवर ठेवून पॉवरच्या खाचेतल्या १२ व्होल्टची पिन आणि जमीन यांच्यात मोजा, मग ५ व्होल्टची आणि जमीन. चांगल्या डिस्कवरही तेच मोजून बघा, म्हणजे तुलना होते. मेलेलीवर एखाद्या जागी शून्याच्या आसपास आकडा आला आणि चांगलीवर बराच जास्त आला, तर निदान झालं. मोजण्याआधी एक साधी गोष्ट बघून घ्या. मशीनमधून डिस्ककडे येणारा पॉवरचा कनेक्टरच वितळलेला किंवा हिरवा पडलेला नाही ना? समुद्राकाठच्या दुकानात खारी हवा पिना खाते, आणि मी डिस्कच्या नावाने रडणारी दोन गिऱ्हाइकं नव्या केबलवर हसत घरी पाठवली आहेत.

शॉर्ट सापडला तर पुढे दोन वाटा. पहिली म्हणजे चिप लेव्हलचं काम करणारा चांगला कारागीर. बोर्डचे पाच-सहा बारीक, ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू काढले की बोर्ड सुटतो. तबकड्यांचा बंद डबा तसाच राहतो, त्यामुळे धुळीची भीती नाही. तो जळका डायोड काढून टाकतो. डायोड नसला तरी डिस्क चालते, फक्त तिचं चिलखत गेलेलं असतं. म्हणून ती नंतर चांगल्या एसएमपीएसवर, मागे यूपीएस ठेवून, एकदाच चालवायची आणि सगळं उतरवून घ्यायचं. या कामाला फार पैसे लागत नाहीत. दुसरी वाट डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेची. डायोडबरोबर मोटर चालवणारी चिपही जळली असेल, तिच्यावर फोड किंवा काळा ठिपका दिसत असेल, तर मी सरळ दुसरी वाट धरीन.

बाजारातून त्याच मॉडेलची जुनी डिस्क आणून तिचा बोर्ड बसवायचा, हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देणारच. मी स्वतः एकदा ते करून बसलोय. आकडा, रंग, सगळं जुळत होतं; डिस्क फिरली आणि टक-टक करायला लागली. तेव्हा मला माहीत नव्हतं की बोर्डवरच्या एका आठ पायांच्या छोट्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कची कारखान्यात घेतलेली मापं असतात, कुठलं हेड किती ताकदीने वाचतं वगैरे. दुसरीचा बोर्ड म्हणजे दुसऱ्याचा चष्मा. बोर्ड बदलायचा तर ती चिप, किंवा तिच्यातला मजकूर, नव्या बोर्डवर न्यावा लागतो. माझी ती डिस्क मी पंधरा मिनिटांत बंद केली म्हणून वाचली.

डिस्क परत फिरली तर लगेच दोन्ही मशीनला लावून रेड उठतंय का बघायचा मोह होईल. तो टाळा. विंडोज ओळखीचा ड्राइव्ह दिसला की त्यावर लिहायला लागतं, कधी तपासणीही सुरू करतं, आणि डायोड काढलेली डिस्क आज चालली म्हणून उद्या चालेल असं नाही. आधी दोन्ही डिस्कची सेक्टरला सेक्टर नक्कल घ्यायची, आणि पुढचं सगळं काम नकलेवर. चांगल्या डिस्कची नक्कल तर आजच घ्या, दुसरीची वाट न बघता. तीही चार वर्षांची आहे, तोच झटका तिनेही खाल्लाय, आणि ती गेली तर मेलेली जिवंत होऊनही उपयोग नाही.

नक्कल कशावर घ्याल? चार टीबीची डिस्क आणाल तर फसाल. तुमच्या दोन डिस्कच्या नकला मिळून ४,००,०७९ कोटी बाइटांच्या वर जातात, आणि चार टीबीच्या डिस्कवर तेवढी जागा काही लाख बाइटांनी नव्हे, चांगली एक कोटीहून जास्त बाइटांनी कमी पडते. शिवाय नंतर फाइली बाहेर काढायलाही जागा लागेल. आठ टीबीची घ्या. उबुंटूसारख्या लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, `gddrescue` पॅकेजमधलं नक्कल घेणारं ddrescue घाला, आणि डिस्कच्या अंगावरचा सीरियल नंबर पडद्यावरच्या नंबराशी ताडून मगच हात घाला. उलट दिशेने नक्कल झाली की संपलं.

```
lsblk -o NAME,SIZE,MODEL,SERIAL
ddrescue -d -n /dev/sdb a.img a.map
```

इथे `/dev/sdb` ही तुमची चांगली डिस्क समजा; तुमच्याकडे अक्षर वेगळं असेल. सगळ्या आज्ञा रूट होऊन, आठ टीबीची डिस्क लावून तिच्याच फोल्डरमधून द्या, म्हणजे नक्कल आणि map फाइल दोन्ही तिच्यावर पडतात. निरोगी डिस्कला साधारण पाच तास लागतात. त्या map फाइलमध्ये कुठला भाग वाचून झाला ते लिहिलेलं असतं, त्यामुळे मधेच लाईट गेली तरी तीच आज्ञा परत दिल्यावर काम तिथूनच पुढे सुरू होतं. कोकणात ही सोय काय आहे ते मी सांगायला नको. मेलेल्या डिस्कचीही अशीच b.img आणि b.map करायची, पहिल्या फेरीत अडलेल्या जागा सोडून सोपं सोपं उचलायचं, मग `-n` काढून `-r3` लावून उरलेल्यावर तीन फेऱ्या. वाचताना वेग अचानक केबींवर आला किंवा टक-टक ऐकू आली तर थांबा. ते काम घरचं राहिलं नाही.

दोन्ही नकला हातात आल्या की जोडणी, आणि ती करायला मदरबोर्डचं रेड लागतच नाही. क्रम, तुकड्याचा आकार आणि सुरुवात, एवढं कळलं की पुरे. आकार तुम्हाला ठाऊक आहे. मदरबोर्डच्या रेडमध्ये बहुधा रेडची स्वतःची नोंद डिस्कच्या शेवटी असते, म्हणजे डेटा अगदी पहिल्या सेक्टरपासून. राहिला क्रम. चार टीबीच्या ड्राइव्हला जीपीटी नावाची पार्टिशनांची यादी लागते, आणि तिची खूण पहिल्या डिस्कच्या दुसऱ्या सेक्टरमध्ये असते:

```
dd if=a.img bs=512 skip=1 count=1 | hexdump -C | head -2
```

इथे `EFI PART` दिसलं तर a पहिली, नाहीतर b. a पहिली निघाली असं धरून:

```
losetup -r /dev/loop10 a.img
losetup -r /dev/loop11 b.img
echo "0 7814057984 striped 2 256 /dev/loop10 0 /dev/loop11 0" | dmsetup create -r jod
kpartx -a -r -v /dev/mapper/jod
```

256 म्हणजे १२८ केबी, ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये मोजलेले. तो लांब आकडा म्हणजे नेहमीच्या दोन टीबीच्या दोन डिस्कमधले, पूर्ण तुकड्यांत बसणारे सगळे सेक्टर. मग kpartx ने दाखवलेलं पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं, `mount -o ro` ने लावा. हे जमणार नसेल तर विंडोजवर आर-स्टुडिओसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दोन इमेज देऊन हीच मापं भरली तरी चालतं. बरोबर जुळलं की नाही ते बघायला बिल उघडू नका. बिल एकाच तुकड्यात मावतं, ते चुकीच्या मापावरही उघडेल. तो ६ एमबीचा फोटो उघडा. त्याला ४८ तुकडे ओळीने लागतात. तो शेवटच्या कोपऱ्यापर्यंत स्वच्छ दिसला की मापं खरी.

मेलेल्या डिस्कचं थोडं वाचलंच नाही असंही होईल, आणि त्याने घाबरू नका. दोन टीबीतले दोनशे एमबी राहिले तर त्या डिस्कचा दहा हजारावा भाग गेला. एक डिस्क नसणं आणि एक डिस्क थोडी फाटकी असणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या परिस्थितीत बहुतेक सगळं अख्खं मिळतं आणि मोजक्या फाइली खराब निघतात. त्या कुठल्या, ते लाखभर फाइली उघडून बघायची गरज नाही. जोडणीच्या आधी न वाचलेल्या जागांत एक खुणेचा शब्द भरून ठेवायचा आणि नंतर तो शोधायचा:

```
printf "BADSECTOR " > khun.txt
ddrescue --fill-mode=- khun.txt b.img b.map
grep -rl "BADSECTOR " /mnt/jod
```

हे सगळ्या फेऱ्या संपल्यावरच करा. शेवटची आज्ञा ड्राइव्ह `/mnt/jod` वर लावून झाल्यावरची. ती खराब फाइलींची यादी छापते, आणि ज्या यादीत नाहीत त्या बिनधास्त गिऱ्हाइकाला द्या.

आता वाईट बाजू. झटका डायोडला ओलांडून डब्याच्या आत, हेडजवळच्या छोट्या चिपपर्यंत गेला असेल तर डायोड काढल्यावर डिस्क फिरेल पण टक-टक करेल किंवा फिरून थांबेल. मग हेड बदलावी लागतात. त्याला स्वच्छ हवेची जागा आणि त्याच जातीची दुसरी डिस्क लागते, खर्च पाच आकड्यांत जातो, आणि यश तबकड्यांवर ओरखडा नसण्यावर ठरतं. चारांतलं एक हेड वाचेना, तर त्या डिस्कचा पावएक भाग पट्ट्यापट्ट्यांनी जातो. पट्ट्यांच्या मधले फोटो अख्खे निघतात, लांबलचक व्हिडिओ क्वचितच. तबकडीवर गोल चर पडला असेल तर तिथला थर खरवडून पूड झालेली असते, आणि पुडीतून काही वाचणारं यंत्र अजून कुठे नाही. अशा वेळी तुमच्याकडे राहतं ते वर सांगितलेलं: काही बिलं, निम्मी नावं, चिमुकली चित्रं.

प्रयोगशाळा तुम्हाला मुंबईला, पुण्याला किंवा पणजीच्या बाजूला शोधावी लागेल. दोन्ही डिस्क न्या, नुसती मेलेली नको, आणि कुठली कुठल्या पोर्टला होती ते चिकटपट्टीवर लिहून. कुरिअरने पाठवण्यापेक्षा कुडाळहून गाडीत बसा आणि डिस्क स्पंजमध्ये गुंडाळून मांडीवर ठेवा. पैसे ठरवताना विचारायचं ते असं: डेटा नाही निघाला तर काय आकारता, हेडसाठी लागणाऱ्या दुसऱ्या डिस्कचे वेगळे का, आणि देण्याआधी मोठे फोटो उघडून दाखवाल का.

तोवर घरी एक काम आहे. सी ड्राइव्ह या भानगडीत नव्हता, त्याला हात लागू देऊ नका. लाइटरूम वापरत असाल आणि कॅटलॉग सी वर असेल तर त्याच्या शेजारच्या `Previews.lrdata` फोल्डरमध्ये तुम्ही पाहिलेल्या फोटोंच्या बऱ्यापैकी मोठ्या प्रती असतात. स्मार्ट प्रिव्ह्यू केले असतील तर शेजारच्याच `Smart Previews.lrdata` मध्ये लांब बाजूने २५६० पिक्सेलपर्यंतच्या. पोस्टकार्डाएवढा प्रिंट त्यातून छान निघतो. अल्बम छापणाऱ्या लॅबकडे पानांच्या फाइली असतील, त्यांनी पुसायच्या आत फोन करा. आणि कॅमेऱ्याची कार्डं गोळा करा, विशेषतः दोन खाचांच्या कॅमेऱ्यातलं दुसरं कार्ड, जे कुणी कधी रिकामं करत नाही. कार्ड फॉरमॅट केलेलं असलं तरी त्यावर नंतर काही लिहिलं गेलं नसेल तर फोटोरेकसारखं सॉफ्टवेअर तिथून अख्खे फोटो काढतं. तिथे फोटो एकामागून एक सलग पडलेले असतात, एक आड एक नाही. गिऱ्हाइकांना दिलेल्या पेनड्राइव्हचंही तेच. ती निम्म्या नावांची यादी घेऊन बसलात की कुणाचं कुठून जमवायचं ते कळत जाईल.

मल्टिमीटरचे चार आकडे मला लिहून पाठवा, दोन मेलेल्या डिस्कचे आणि दोन चांगलीचे. १२ व्होल्टच्या वाटेवरच शॉर्ट असेल तर कुडाळ-कणकवलीत काम होईल असं वाटतं. ५ च्या वाटेवर असेल तर कुणाच्याही हातात द्यायच्या आधी बोर्डच्या आतल्या बाजूचा, चिप स्पष्ट दिसेल असा फोटो काढून तोही पाठवा.